पाण्याला कसर लागली, हे वाचकाला कसे कळावे?

प्रश्न: "मी सुमारे २५०० शब्दांची विज्ञानकथा लिहिली आहे. भविष्यातल्या सांगलीत कृष्णेच्या पुरातून पॉलिएस्टर खाणारा जिवाणू पसरला आहे आणि शिलाईकाम करणारी एक बाई कथेची नायिका आहे. पहिले ४०० शब्द जिवाणूची माहिती देण्यात जातात. मित्र म्हणतात, धडा वाचल्यासारखे वाटते. ती माहिती काढून टाकली, तर कोणालाच काही कळत नाही. ती घटनांमधून कशी आणावी?"

तुमच्या त्या ४०० शब्दांत दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या असाव्यात: जिवाणूची हकिगत आणि जिवाणूचा नियम. तो कुठून आला, कोणत्या विकरामुळे धाग्याची रेणूसाखळी तुटते, सरकारने काय उपाय योजले, ही सगळी हकिगत झाली. नियम त्याहून फार लहान असतो. पुराचे पाणी लागलेली अमुक एका दोऱ्याची शिवण दोन दिवसांत उसवते आणि म्हणून लोक अमुक एक गोष्ट करतात, अमुक एक टाळतात, एवढाच तो असतो. हकिगत घडून गेलेली असते, त्यामुळे ती सांगावीच लागते. नियम मात्र कथेतल्या माणसांच्या आयुष्यात रोज घडत असतो, त्यामुळे तो दाखवता येतो. मित्रांना धडा वाटला तो हकिगतीमुळे, आणि सगळे काढल्यावर काही कळेनासे झाले ते हकिगतीबरोबर नियमही गेल्यामुळे.

पुढे मी जे सांगणार आहे, ते तुमच्या लांबीच्या आणि तुमच्या जातीच्या कथेला लागू पडते, हे आधीच नोंदवतो. जिवाणू आहे की नाही, हेच जर कथेतले कोडे असेल आणि त्याचा उलगडा शेवटी व्हायचा असेल, तर मांडणी वेगळी होईल. तिथे नियम लपवावा लागतो आणि फक्त त्याचे परिणाम दाखवावे लागतात. कुमारांच्या मासिकासाठी लिहीत असाल, तर चार वाक्ये सरळ सांगितलेली चालतात, किंबहुना बरी वाटतात. दिवाळी अंकाच्या प्रौढ वाचकासाठी लिहिलेली, एका नायिकेभोवती फिरणारी आणि नियम सुरुवातीपासून ठाऊक असलेल्या जगातली कथा, असे मी येथे गृहीत धरले आहे.

मला ही गोष्ट प्रथम कळली ती कोणत्याही लेखनविषयक पुस्तकातून नव्हे. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठवण्यासाठी जमिनीत खोल पेवे असत. लहानपणी एका नातेवाइकांबरोबर मी पेव उघडताना पाहिले होते. झाकण काढल्यावर कोणीही लगेच आत उतरले नाही. माणसे पानसुपारी करत बाजूला बसून राहिली. बऱ्याच वेळाने एकाने दोरीला कंदील बांधून तो हळूहळू आत सोडला, ज्योत टिकते का ते पाहिले आणि मगच पहिला माणूस उतरला. बंद पेवात प्राणवायू उरत नाही, ही माहिती त्या दिवशी मला कोणी दिली नव्हती. तरीही आत जाणे जिवावर बेतू शकते, आत काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही आणि ते ओळखण्याची खूण ज्योत ही आहे, इतक्या तीन गोष्टी मला समजल्या होत्या. उतरणाऱ्या माणसांना हे सारे इतके अंगवळणी पडलेले होते की, त्यावर बोलण्याचे त्यांना कारणच नव्हते. कल्पित जगाचा नियम वाचकापर्यंत असाच पोहोचतो: ज्याच्या पोटापाण्याचा त्या नियमाशी संबंध आहे, अशा माणसाच्या सवयीतून. शिलाई करणारी बाई नायिका म्हणून निवडून तुम्ही अवघड काम आधीच केले आहे. तिच्या हातांना काम द्यायचे तेवढे राहिले आहे.

प्रत्यक्ष लिहिताना मी शेवटाकडून सुरुवात करतो. तुमच्या कथेचा शेवट तुम्ही सांगितलेला नाही, म्हणून उदाहरणापुरता एक कल्पितो. पूर वाढतो आहे, नायिकेचा भाचा बचावकार्यासाठी होडीवर निघाला आहे आणि त्याला मिळालेल्या जीवरक्षक जाकिटाचे पट्टे कोणत्या दोऱ्याने शिवलेले आहेत, हे तिला ठाऊक नाही. आता स्वतःला विचारायचे, की हा प्रसंग वाचताना वाचकाच्या छातीत धडधड व्हायची असेल, तर त्याला आधीपासून नेमके काय माहीत असले पाहिजे? पुराच्या पाण्याने पॉलिएस्टरचा दोरा सडतो. सुती दोऱ्याला काही होत नाही. दोन्ही दोरे दिसायला सारखे असतात आणि जाळून पाहिल्याशिवाय फरक कळत नाही. सडायला किती वेळ लागतो. यादी इथे संपते. ४०० शब्दांपैकी जे या यादीत बसत नाही ते कितीही मनोरंजक असले, तरी या कथेच्या दृष्टीने हकिगतच आहे, आणि ते वहीत राहू द्यावे. वहीत राहिलेले वाया जात नाही, कारण लेखकाला ते ठाऊक असल्यामुळेच पुढे चुका टळतात.

यादीतली तिसरी बाब तुमच्यासाठी फार मोलाची आहे, कारण तिच्यात कृती आहे. दोरा जाळून पाहण्याची परीक्षा शिंपीकाम जाणणाऱ्यांना आजही माहीत आहे. सुती धागा पिवळ्या ज्योतीने जळतो, कागद जळल्यासारखा वास येतो आणि मागे राहिलेली राख बोटाने चुरडली जाते. पॉलिएस्टरचा धागा ज्योतीपासून आक्रसतो, वितळतो, काळसर धूर सोडतो आणि निवल्यावर टोकाला टणक मणी उरतो. म्हणजे तुमच्या जगाचा नियम तपासण्याचे साधन खऱ्या जगात आधीच तयार आहे, तेही नायिकेच्याच व्यवसायातले. विज्ञानकथेत अशी संधी क्वचित मिळते, ती सोडू नका.

आता नावाचा प्रश्न. तुमच्या कथेतली माणसे त्या जिवाणूला काय म्हणतात? शास्त्रीय नाव ती घेणार नाहीत, 'जिवाणू' हा शब्दही पेठेतली बाई रोजच्या बोलण्यात वापरणार नाही. माणसे नव्या संकटाला जुना शब्द चिकटवतात. पुस्तकांना आणि कपड्यांना लागणाऱ्या किडीला आपण कसर म्हणतो. मी असतो तर 'पाण्याला कसर लागली' असेच लिहिले असते. पहिल्यांदा हे वाक्य वाचणारा वाचक क्षणभर अडखळतो, कारण कसर कापडाला लागते, पाण्याला नाही. आणि त्या अडखळण्यातच त्याला अर्धा नियम कळलेला असतो. एका लघुकथेत असा एकच शब्द पुरे. शब्द चार झाले, की कथेला शब्दकोश जोडावा लागतो.

तुमच्या मूळ सुरुवातीत साधारण असे एखादे वाक्य असेल, असे मी धरतो: "पंधरा वर्षांपूर्वी महापुरानंतर कृष्णेच्या पाण्यात एक विशिष्ट प्रकारचा जिवाणू आढळून आला, जो पॉलिएस्टरचे विघटन करीत असे, त्यामुळे लोकांना आपल्या वस्त्रांबाबत काळजी घ्यावी लागत होती." त्याऐवजी हे पाहा; नायिकेला मी आक्का म्हटले आहे.

"गिऱ्हाइकाने शर्ट टेबलावर ठेवला. शर्ट कोरा होता, कॉलरचा पुठ्ठाही अजून निघालेला नव्हता. आक्काने तो उलटा केला, बगलेतल्या शिवणीतून सुईने दोऱ्याचे टोक काढले आणि आगपेटी ओढली. दोरा आक्रसला. टोकाला काळा मणी धरला. 'पूर्ण उसवून शिवावा लागेल.' 'दुकानदार म्हणाला, सुती आहे.' 'कापड सुतीच आहे. दोरा नाही.' तिने मणी नखाने तोडून परातीतल्या राखेत टाकला. त्या परातीत आज सकाळपासूनचे अकरा मणी होते. 'नदीकडं जाणार नसाल, तर राहू द्या तसाच.' गिऱ्हाईक खिडकीतून आभाळाकडे बघत म्हणाले, 'कधी होईल?'"

या उताऱ्यात जिवाणूचा उल्लेखच नाही. तरी दोऱ्यात काहीतरी धोका आहे, तो नदीशी जोडलेला आहे, कापड आणि दोरा वेगवेगळे पाहावे लागतात, दुकानदाराच्या शब्दावर विसंबता येत नाही आणि ही परीक्षा आक्का दिवसातून कितीतरी वेळा करते, एवढे वाचकाला समजते. अकरा मण्यांनी काम केले ते असे, की हा प्रसंग अपवाद नसून तिचा रोजचा धंदा आहे हे वाचकाने आपले आपण मोजले. आणखी एक गोष्ट मी मुद्दाम केली आहे. गिऱ्हाईक "का?" असे विचारत नाही. त्या जगातल्या माणसाने कारण विचारले असते, तर वाचकाला लेखकाची सोय दिसली असती. तो फक्त "कधी होईल?" विचारतो; नियम त्याला मान्य आहे, त्याची अडचण वेळेची आहे. पात्रांनी नियम गृहीत धरला, की वाचकही तो गृहीत धरतो.

यादीतली चौथी बाब, म्हणजे वेळ, सर्वांत जास्त वेळा निसटते. कार्यशाळेत वाचायला येणाऱ्या कथांमध्ये मला हाच दोष वारंवार दिसतो: धोका समजतो, पण धोक्याला किती तास लागतात ते समजत नाही, आणि मग शेवटच्या धावपळीला काही वजन राहत नाही. वेळ सांगण्यासाठी कोणाला तरी लहानशी किंमत मोजायला लावावी. समजा, शेजारची मुलगी सोमवारी घाटावर पाय धुऊन आली, परकराचा काठ भिजला आणि बुधवारी शाळेत सगळ्यांसमोर काठ लोंबू लागला. आक्का तो हातशिलाईने सुती दोऱ्याने घालून देते आणि म्हणते, "सोमवारीच सांगायचं नाहीस?" झाले. दोन दिवस लागतात, हे वाचकाने हसत हसत नोंदवले. हीच गोष्ट पुढे होडीवर जिवाच्या मोलाने येणार आहे, म्हणून तिची पहिली भेट किरकोळ आणि थोडी गमतीची असलेली बरी.

मात्र इथे तुमच्या गणिताला एक भोक पडते, तेही पाहा. दोन दिवस लागत असतील, तर चार तासांच्या होडीच्या फेरीत जाकिटाचा पट्टा तुटण्याची भीती आक्काला का वाटावी? उत्तर असे असू शकते, की ते जाकीट आदल्या फेरीत भिजलेले आहे आणि कालपासून ओलेच एका ढिगात पडले आहे. म्हणजे जाकीट ओले का, कधीपासून, हा प्रश्न तिने विचारला पाहिजे आणि परकराच्या प्रसंगात तिने तोच प्रश्न मुलीला विचारलेला असला पाहिजे. नियम कृतीतून आणायचा म्हणजे कृती एकमेकींत अशा गुंतवायच्या. लिहिताना एक नियम ठरला की तो दुसऱ्या ठिकाणी काय मागतो, हे तपासावे लागते, आणि बहुतेक वेळा कथानक तिथूनच पुढे सरकते.

पुराच्या बाबतीत सांगलीकर असल्याचा फायदाही आहे आणि तोटाही. "आयर्विनला पाणी किती?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पातळी किती, हे वाक्य आपल्याकडे पावसाळ्यात चहाच्या गाड्यावरही ऐकू येते. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे आपल्याला पाठ असते. आपल्या वाचकाला "बेचाळीस झालं" एवढे दोन शब्द पुरतात. नागपूरच्या वाचकाला ते आकडे नुसतेच आकडे वाटतील. म्हणून इशारापातळीची व्याख्या देत बसू नये. ४० ऐकल्यावर आक्काने कापडाचे गठ्ठे माळ्यावर टाकले, ४३ ऐकल्यावर पायमशीनचा वरचा भाग सुटा करून तो गोधडीत गुंडाळला आणि ४५ ऐकल्यावर तिने दुकानाचे कुलूप शोधायला घेतले, असे लिहावे. आकडा चढला की काय करायचे असते, हे बाहेरच्या वाचकाला कळते आणि सांगलीचा वाचकही कंटाळत नाही, कारण मशीनचे काय करायचे ही चिंता त्याच्याही घरची असते. खऱ्या जगाचा नियम आणि कल्पित जगाचा नियम एकाच हाताने लिहिले, तर वाचक त्यांत फरक करत नाही. कल्पिताला खऱ्याचा आधार मिळतो तो असा.

संवादातून माहिती देण्याचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला आहे. माझ्या सुरुवातीच्या एका कथेत दोन अभियंते तीन पाने एकमेकांना त्यांच्याच यंत्राची माहिती देत होते. एका संपादकांनी ती कथा परत केली, दुसऱ्या पानाच्या समासात पेन्सिलने लिहिले होते, "हे दोघे पहिल्यांदाच भेटत आहेत का?" ते वीस वर्षे एकत्र काम करत होते. "तुला ठाऊकच आहे की" या शब्दांनी सुरू होणारे प्रत्येक वाक्य तेव्हापासून मी खोडतो. यावर परगावचा पाहुणा किंवा लहान मूल आणून त्याला प्रश्न विचारायला लावणे हा तोडगा लोक सुचवतात. तो चालतो, पण एका अटीवर: त्या पाहुण्याला स्वतःचे काहीतरी हवे असले पाहिजे. पुण्याहून आलेला भाचा स्वतःच्या महागड्या रेनकोटची शिवण जाळू द्यायला नकार देतो आणि भांडण होते, इथे माहिती भांडणाच्या पोटात येते. तो नुसताच "आक्का, हे काय करतेस?" असे विचारत असेल, तर तो पाहुणा नसून पाठ्यपुस्तकातला स्वाध्याय आहे.

आणि कधी कधी सरळ सांगून टाकावे. "त्या पावसाळ्यापासून सांगलीत दोरा जाळल्याशिवाय कोणी कपडा घरात घेत नसे." हे निवेदकाचे वाक्य आहे, त्यात काहीही दाखवलेले नाही आणि तरी ते खटकत नाही, कारण ते लहान आहे, लोकांच्या वागण्याविषयी आहे आणि वाचकाने दोरा जळताना पाहिल्यानंतर ते येते. आधी पाहणे, मग सांगणे, हा क्रम मी सहसा मोडत नाही. एकही वाक्य सांगायचे नाही असा हट्ट धरलेल्या कथा वाचकाला चाचपडत ठेवतात, आणि त्या मला माहितीने लादलेल्या कथांइतक्याच नकोशा वाटतात.

विज्ञानाविषयीही थोडे लिहितो, कारण जाणकार वाचक तुम्हाला तिथे पकडतील. पाण्याच्या बाटल्यांचे प्लास्टिक खाणारा एक जिवाणू जपानमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये जाहीर केला. बाटलीचे ते प्लास्टिक आणि पॉलिएस्टरचा धागा रासायनिकदृष्ट्या एकच पदार्थ आहे, त्यामुळे तुमच्या कल्पनेला पाया आहे. परंतु त्या प्रयोगात पातळ पापुद्रा संपायला ३० अंश तापमानात सुमारे सहा आठवडे लागले, आणि ताणून बनवलेल्या धाग्यात रेणू अधिक शिस्तीने रचलेले असल्यामुळे तो तोडणे आणखी कठीण असते. म्हणजे तुमचा जिवाणू खऱ्यापेक्षा कितीतरी चपळ आहे. ही एक सवलत वाचक तुम्हाला देईल आणि तिचे समर्थन कथेत करू नका. समर्थन सुरू केले की शंका जागी होते. मात्र सवलत घेतल्यावर तिचे परिणाम पाळा. दोरा सडतो तर बाटलीही सडली पाहिजे, म्हणून आक्काच्या टेबलावर पाण्याची बाटली दिसता कामा नये. तिथे तांब्या असू द्या. त्याबद्दल अवाक्षरही लिहू नका. ज्याला बाटली आणि दोरा यांचे नाते ठाऊक आहे तो तांब्या पाहून खूश होईल, ज्याला नाही त्याचे काही अडणार नाही.

पुनर्लेखन झाल्यावर एक चाचणी करा. कथेचे पहिले ६०० शब्द दोघांना वाचायला द्या, त्यांतला एक विज्ञानकथा न वाचणारा असावा. "आवडले का?" असे विचारू नका, आणि "समजले का?" असे तर मुळीच विचारू नका, कारण समजले नाही असे सांगायला माणसे लाजतात. एवढेच विचारा: "आता कोणी आक्काला पुरात भिजलेली पिशवी आणून दिली, तर ती काय करेल?" आगपेटी काढेल, असे उत्तर आले तर नियम पोहोचला. पिशवी वाळत घालेल किंवा फेकून देईल, असे उत्तर आले तर कोणता धागा निसटला ते त्या उत्तरावरूनच कळते: वाळत घालणाऱ्याला परीक्षा समजलेली नाही, फेकून देणाऱ्याला सुती दोरा वाचतो हे समजलेले नाही. दुरुस्ती त्या एका ठिकाणीच करा. सगळीकडे एकेक खुलाशाचे वाक्य पेरू नका, नाहीतर ते ४०० शब्द मागच्या दाराने परत येतील.

माझ्या कथांमध्ये शेवटच्या तिसऱ्या भागात मी एकही नवा नियम येऊ देत नाही. तिथे फक्त आधीचे नियम अडचणीत येतात. तुमच्या शेवटासाठीही तेच करून पाहा. घाटावर पाऊस आहे, भाच्याने जाकीट घातले आहे, होडीवाला हाक मारतो आहे. आक्का पट्ट्याच्या शिवणीतून सुईने टोक काढते आणि कमरेची आगपेटी ओढते. काडी पेटत नाही. दुसरीही पेटत नाही. आतापर्यंत वाचकाला सगळे ठाऊक आहे, त्यामुळे तिला काय वाटले, काय धोका आहे, दोन दिवस म्हणजे किती, यांतले काहीही लिहू नका. "आगपेटी भिजली होती," एवढे लिहा आणि पुढच्या वाक्यात तिला पदराला टोचलेली दुसरी सुई आणि सुती रीळ काढू द्या.